चित्र नाही, आधी भिंत सपाट करा: दिवाणखान्याच्या फोटोत फ्रेम बसवण्याचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका जोडप्याला माझ्या चित्रकार मैत्रिणीचं एक ॲक्रिलिक चित्र घ्यायचं होतं. बाहेरच्या फ्रेमसह चार फूट रुंद आणि तीन फूट उंच. विकत घेण्याआधी ते आपल्या सोफ्याच्या वर कसं दिसेल हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी मोबाइलवर काढलेला भिंतीचा फोटो पाठवला आणि कुणीतरी त्यावर चित्र डकवून दिलं. ते बघून काकू मैत्रिणीला म्हणाल्या, "अगं, हे भिंतीवर स्टिकर लावल्यासारखं दिसतंय. आणि एवढं मोठं दिसेल का गं ते खरंच?" त्यानंतर फोटो माझ्याकडे आला.

डकवलेल्या चित्राचे चारही कोपरे डोळ्याने अंदाज घेत ओढलेले होते. सावलीसाठी फोटोशॉपचा `Drop Shadow` वापरला होता आणि फ्रेमची जाडी म्हणून खालच्या बाजूला एक गडद पट्टी काढली होती. या तिन्ही गोष्टी एकाच कारणाने चुकतात. फोटोतली भिंत तिरपी आहे, आणि तिरप्या जागेत इंच मोजता येत नाहीत. डाव्या टोकाचा एक इंच आणि उजव्या टोकाचा एक इंच फोटोत वेगवेगळे दिसतात. म्हणून मी चित्र वाकवत बसत नाही. समोरून बघितल्यासारखी सपाट भिंत वेगळ्या फाइलमध्ये आखते, सगळं काम तिथे फूट-इंचात करते आणि शेवटी अख्खी भिंतच फोटोवर ताणून बसवते. चित्र, फ्रेम, सावली सगळं आपोआप तिच्याबरोबर तिरपं होतं.

आधी भिंतीची मापं हवीत. सोफा, टीपॉय, दिवा यांवरून माप काढू नये, कारण या वस्तू भिंतीच्या पुढे असतात आणि कॅमेऱ्याला जवळ असल्याने मोठ्या दिसतात. काकूंना चित्र मोठं वाटलं त्याचं कारण हेच होतं. सहा फुटी सोफ्याच्या दोन तृतीयांश म्हणून चार फूट धरले होते, पण सोफ्याची पुढची कड भिंतीपासून जवळपास तीन फूट पुढे आहे. माप भिंतीच्याच पातळीवरचं हवं, आणि आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ते फुकट मिळतं. दोन फुटी व्हिट्रिफाइड फरशीचे सांधे भिंतीच्या पायाशी येऊन टेकतात तेव्हा दर दोन फुटांवर खूण झालेली असते. इथे सोफ्यामागचे सांधे झाकलेले होते. पण सोफ्याच्या पुढचे सांधे दिसत होते, ते सरळ मागे वाढवले की भिंतीच्या पायाच्या रेषेला योग्य जागी छेदतात. एक गोष्ट मात्र विचारून घ्यावीच लागते: कोपऱ्यातली पहिली फरशी पूर्ण आहे की कापलेली? इथे ती पूर्ण होती.

फोनवर आणखी काही मापं विचारली. भिंतीची उंची साडेनऊ फूट, सोफ्याची पाठ ३४ इंच. खिडकी डावीकडच्या भिंतीत, चित्राच्या भिंतीपासून दोन फुटांवर सुरू होऊन सहा फुटांवर संपते. फोटो काढताना काका कुठे उभे होते? "भिंतीपासून पाच फरश्या सोडून," ते म्हणाले, म्हणजे दहा फूट. फोन साध्या लेन्सवर होता, रुंद कोनाच्या लेन्सवर नाही. रुंद लेन्सचा फोटो मी परत मागवते, कारण त्यात छताची रेषा टोकाला वाकते आणि मग कुठलीही सरळ चौकट तिच्याशी जुळत नाही.

फोन किंचित वर कलला होता, त्यामुळे उभ्या रेषा वरच्या बाजूला जवळ येत होत्या. कॅमेरा रॉ मधल्या `Geometry` मध्ये उभ्या रेषा आधी सरळ करून घेतल्या. मग सपाट भिंत आखली. डाव्या कोपऱ्यापासून पाचव्या सांध्यापर्यंत, म्हणजे १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच. एका इंचाला २० पिक्सेल धरले की ही फाइल २४०० बाय २२८० पिक्सेलची होते. ती `Smart Object` म्हणून फोटोवर ठेवायची आणि `Distort` ने तिचे चार कोपरे भिंतीच्या चार खऱ्या बिंदूंवर न्यायचे: डावा कोपरा खाली आणि वर, पाचवा सांधा खाली आणि त्याच्या थेट वर छतापाशी.

चित्र ठेवण्याआधी एक तपासणी करते. भिंतीवर डावीकडे स्विचबोर्ड होता. काकांनी तो कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून टेपने मोजून दिला. सपाट भिंतीवर त्याच मापाचा लाल चौकोन काढला आणि फाइल सेव्ह केली. फोटोत तो चौकोन खऱ्या स्विचबोर्डवर नीट बसला. थोडा जरी सरकलेला दिसला असता तर कोपरे चुकले असं समजून तिथेच थांबले असते. ही एक मिनिटाची तपासणी पुढचा अर्धा तास वाचवते.

चित्राची जागा ठरवणं आता फक्त मोजमापाचं काम होतं. सोफ्याच्या पाठीपासून आठ इंच मोकळे सोडून चित्राची खालची कड ४२ इंचांवर, वरची ७८ इंचांवर. सोफ्याच्या मध्याशी मध्य जुळवून डावी कड कोपऱ्यापासून ६० इंचांवर, उजवी १०८ इंचांवर. ही झाली फ्रेमची भिंतीला टेकलेली बाजू. फ्रेम दोन इंच खोल आहे, म्हणजे चित्राचा दर्शनी भाग भिंतीवर नसून भिंतीच्या दोन इंच पुढे आहे. नेमकं हेच बहुतेक जण विसरतात आणि चित्र कागदासारखं चपटं दिसतं.

पुढे आलेला भाग फोटोत भिंतीच्या कोणत्या जागेवर दिसेल हे काढायला एक सोपा नियम आहे. कॅमेऱ्यातून भिंतीवर लंब टाकायचा. तो भिंतीला जिथे मिळतो तो लंबपाद. भिंतीपासून कॅमेरा १२० इंचांवर आहे आणि दर्शनी भाग त्याच्या दोन इंच जवळ. म्हणून भिंतीला टेकलेली चौकट या लंबपादापासून १२० भागिले ११८ पट, म्हणजे सुमारे १.७ टक्के मोठी केली की दर्शनी भागाची जागा मिळते. समरूप त्रिकोणांचं शाळेतलं गणित आहे, अंदाज कुठेच नाही.

लंबपाद शोधायला कॅमेऱ्याच्या मागे जावं लागत नाही. भिंतीकडे काटकोनात जाणारे फरशीचे सांधे फोटोत वाढवत नेले की ते सगळे एका बिंदूत मिळतात. चित्रकार ज्याला व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात तो हा बिंदू, आणि भिंतीवरचा लंबपाद फोटोत नेमका तिथेच असतो. इथे तो कोपऱ्यापासून १३ फुटांवर, जमिनीपासून ५६ इंच उंचीवर आला. काका फोन छातीशी धरून सोफ्याच्या बऱ्याच उजवीकडे उभे होते, त्याच्याशी हे जुळतं.

आता चित्राची उजवी कड लंबपादापासून ४८ इंच डावीकडे आहे, डावी ९६ इंच. त्यांचा १.७ टक्के म्हणजे उजवी कड ०.८ इंच आणि डावी १.६ इंच डावीकडे सरकते. वरची कड जेमतेम ०.४ इंच वर जाते, खालची पाव इंच खाली. दर्शनी भाग सपाट भिंतीवर या नव्या चौकटीत बसवला. त्याच्या उजव्या कडेपासून भिंतीला टेकलेल्या कडेपर्यंत ०.८ इंचाची पट्टी उरली. तीच फ्रेमची दिसणारी जाडी. पट्टीचे वरचे आणि खालचे टोक आपोआप किंचित तिरके होतात, कारण तिची एक बाजू ३६ इंच उंच आणि दुसरी त्याहून थोडी जास्त असते.

फ्रेम दोन इंच खोल असूनही जाडी दिसते फक्त ०.८ इंच, तीही उजवीकडेच. डावी बाजू चित्राआड जाते. खालची बाजू तर अजिबात दिसत नाही, कारण कॅमेरा ५६ इंचांवर आणि खालची कड ४२ इंचांवर आहे. फ्रेमचा तळ दिसायला ती कड कॅमेऱ्याच्या वर असावी लागते. आधीच्या प्रयत्नात तळाशी काढलेली गडद पट्टी म्हणूनच खटकत होती. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून बघितलेल्या वस्तू एकाच फोटोत आल्या आहेत हे डोळ्याला कळतं.

फ्रेम फ्लोटर प्रकारची होती. कॅनव्हास लाकडी पट्टीच्या कडेपासून पाव इंच आत बसतो आणि भोवती पाव इंचाची फट राहते. कॅनव्हास पट्टीपेक्षा थोडा मागे असल्याने तोच नियम त्यालाही लावला. परिणाम असा झाला की डावीकडची फट साधारण ०.४५ इंच दिसू लागली आणि उजवीकडची ०.१५. फोटोत हा फरक दोन-चार पिक्सेलचा असेल. पण सगळीकडे सारखी फट काढली तर चित्र छापील दिसतं, आणि असा फरक ठेवला की कॅनव्हास खरोखर आत बसल्यासारखा वाटतो.

सावलीकडे मी आधी पुरावा म्हणून बघते. त्याच भिंतीवर उजवीकडे एक गोल घड्याळ होतं, दीड इंच जाड. त्याची सावली उजवीकडे पडलेली, घड्याळाशेजारी गडद आणि चारेक इंचांवर विरत गेलेली. खोलीतला दिवा बंद होता, म्हणजे प्रकाश फक्त खिडकीचा. चित्राची सावली या घड्याळाच्या सावलीची बहीण दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही फोटो फसतो.

सावलीलाही तोच नियम लागतो, हे मला या कामातलं सगळ्यात सुंदर वाटतं. कॅमेऱ्याऐवजी प्रकाशाचा लंबपाद घ्यायचा. खिडकी डाव्या भिंतीत आहे, म्हणून तिच्या प्रकाशाचा लंबपाद डाव्या कोपऱ्याच्या उभ्या रेषेवर पडतो. उंची मी ७० इंच धरली, कारण खिडकीच्या वरच्या भागातून आकाश दिसतं आणि खालच्या भागातून समोरची इमारत, त्यामुळे जास्त उजेड वरून येतो. खिडकी रुंद आहे, म्हणून सावली एकच नसते. मी खिडकीचे चार उभे भाग कल्पिले, त्यांचे मध्य भिंतीपासून ३०, ४२, ५४ आणि ६६ इंचांवर. प्रत्येक भागासाठी फ्रेमची मूळ चौकट त्या लंबपादापासून मोठी करायची: ३० इंचांसाठी ३० भागिले २८, ४२ साठी ४२ भागिले ४०, आणि तसंच पुढे. फ्रेमच्या उजव्या कडेपलीकडे या चार सावल्या अनुक्रमे ७.७, ५.४, ४.२ आणि ३.४ इंच पोचतात.

चारही एकमेकींवर ठेवल्या की पहिल्या साडेतीन इंचांत चारही असतात, तिथे सावली पूर्ण गडद. पुढे एकेक गळत जाते आणि पावणेआठ इंचांच्या पुढे काही उरत नाही. शाळेत शिकलेली प्रच्छाया आणि उपच्छाया ती हीच. प्रत्येक थराला थोडासा `Gaussian Blur` दिला की पायऱ्या पुसल्या जातात. खालच्या कडेखाली सावली एक ते दोन इंचच येते. वर ती पाव-अर्धा इंच पडते, पण दर्शनी भाग तेवढाच वर सरकलेला असल्याने झाकली जाते. `Drop Shadow` यातलं काहीच करू शकत नाही. तो चारही कडांना सारखंच अंतर आणि सारखाच मऊपणा देतो, आणि सावली भिंतीला टेकलेल्या कडेपासून नव्हे तर दर्शनी कडेपासून काढतो. म्हणून चित्र भिंतीपासून सुटून तरंगताना दिसतं.

सावली काळ्या रंगाने काढू नये. घड्याळाजवळच्या उजळ भिंतीचा रंग मोजला तर लाल, हिरवा, निळा अनुक्रमे २०६, २००, १९० आला. सावलीच्या गडद भागाचा १५८, १५०, १३८. म्हणजे सावलीत लाल ७७ टक्के उरतो आणि निळा ७३ टक्के. खिडकीतला उजेड आकाशाचा, थोडा निळसर. तो अडला की उरतो तो फरशी आणि सोफ्यावरून परतलेला उबदार उजेड. `Multiply` थरासाठी रंग काढायचा तर सावलीचा आकडा भिंतीच्या आकड्याने भागून २५५ ने गुणायचा. इथे उत्तर येतं १९६, १९१, १८५. माझे चार थर एकमेकांवर पडणार होते म्हणून प्रत्येकाला २३९, २३७, २३५ दिला. चौघांचा गुणाकार जवळपास तेवढाच होतो.

फ्रेमची दिसणारी उजवी बाजू खिडकीकडे पाठ करून आहे, म्हणून ती दर्शनी पट्टीपेक्षा स्पष्ट गडद असायला हवी. किती गडद, ते घड्याळाच्या उजव्या कडेवरून ठरवलं. ती उजळ ठेवली तर सावली एकीकडे आणि प्रकाश दुसरीकडे असा विरोध तयार होतो.

मैत्रिणीने चित्राचा फोटो स्टुडिओत सारख्या उजेडात काढला होता. तो तसाच ठेवला असता तर खोलीत दिवा लावल्यासारखा चमकला असता. पांढऱ्यासाठी मी स्विचबोर्डची प्लेट बघितली. फोटोत ती २३२, २२६, २१४ होती. चित्रातला शुद्ध पांढरा त्यापेक्षा पांढरा दिसता कामा नये. काळ्यासाठी सोफ्याखालचा सगळ्यात गडद भाग घेतला, तो २८ च्या आसपास होता. मग `Curves` मध्ये चित्राचा पांढरा आणि काळा या दोन टोकांत आणला. भिंत डावीकडून उजवीकडे मंद होत जाते, चित्राच्या रुंदीत साधारण सात टक्के. तेवढाच उतार चित्रावरही `Multiply` ने दिला. शेवटी मोबाइलच्या फोटोत असते तेवढी दाणेदारी घातली. चित्र आजूबाजूच्या सोफ्यापेक्षा धारदार दिसत असेल तर सगळी मेहनत वाया जाते.

चकाकी येईल का, हेही तपासलं. कॅमेऱ्यापासून चित्राच्या डाव्या कडेवर पडणारी नजर परावर्तित होऊन डाव्या भिंतीवर चित्राच्या भिंतीपासून सव्वासहा फुटांवर पोचते. खिडकी सहा फुटांवर संपते. म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब अगदी थोडक्यात चुकतं, आणि या कॅनव्हासला काच नसल्यामुळे मी चकाकी दाखवली नाही. हेच काच लावलेलं जलरंगाचं चित्र असतं आणि काका दोन पावलं भिंतीकडे सरकून उभे असते तर डाव्या कडेला पांढरा पट्टा आला असता. पण काचेत खिडकीखेरीज समोरची खोलीही दिसते, आणि ती फोटोत नसते. काचेच्या फ्रेमसाठी मी खिडकीकडून चित्रासमोरच्या भिंतीचाही एक फोटो मागवते.

फोटो बघून काकूंनी लगेच विचारलं, "रात्री कसं दिसेल?" फॉल्स सीलिंगमध्ये चित्राच्या मध्यावर एक स्पॉटलाइट बसवायचा त्यांचा विचार होता, भिंतीपासून दीड फुटावर. त्याच सपाट फाइलमध्ये प्रकाशाचा लंबपाद हलवला: चित्राच्या मध्याच्या रेषेवर, ११२ इंच उंचीवर. १८ भागिले १६. खालच्या कडेखाली सावली पावणेनऊ इंच येत होती, म्हणजे थेट सोफ्याच्या पाठीपर्यंत, आणि छोट्या दिव्याची असल्याने धारदार. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच वेगळी. तो फोटो बघून काका म्हणाले, "हे चालणार नाही." दिवा भिंतीपासून अडीच फुटांवर नेला की चित्राच्या मध्यावर प्रकाश उभ्या रेषेशी ३० अंशांनी पडतो, कलादालनांतही साधारण हाच कोन ठेवतात. सावली पाच इंचांवर येते आणि सोफ्याच्या वर तीन इंच भिंत मोकळी राहते. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाठवले. सीलिंगचं काम अजून व्हायचं होतं, त्यामुळे इलेक्ट्रिशियनला पॉइंट एक फूट पुढे घ्यायला सांगून त्यांनी चित्र नक्की केलं.